रिव्हर्स इमेज सर्चमध्ये जुन्या फोटोची तारीख चुकीची येते: कुठे अडतं आणि काय तपासायचं

अडचण नेहमीची आहे. ग्रुपवर आलेला फोटो गूगल लेन्सला दिला की पानंच्या पानं समोर येतात, पण हा फोटो पहिल्यांदा कधी दिसला ते त्यातलं एकही पान सरळ सांगत नाही. वरच्या निकालावर गेल्या वर्षीची तारीख असते, खाली कुठेतरी २०१९, आणि मध्येच एक पान २०१४ चं. टिनआयवर तोच फोटो दिला तर तिसरंच वर्ष. मग माणूस त्यातली सगळ्यांत जुनी तारीख उचलतो आणि ग्रुपवर लिहितो, ‘हा फोटो २०१४ चा आहे.’ कोणीतरी ते खोडून काढतं, आणि पुढच्या खेपेला खरं सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत.

या तारखा कुठून येतात आणि त्यातली कुठली कुठल्या बाजूला चुकते, एवढंच इथे एका फोटोवर करून दाखवते. फोटो मुद्दाम असा घेतला आहे की ज्याच्या घटनेची तारीख पक्की ठाऊक आहे. त्यामुळे साधन खोटं बोललं की लगेच कळतं.

फोटो तुमच्याकडेही आलेला असेल. गढूळ पाण्याने भरलेली नदी, मधोमध तुटलेला जुना दगडी पूल, शेजारी तसाच उभा असलेला दुसरा पूल. खाली मजकूर: ‘मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल आज पहाटे वाहून गेला, कोणीही गाडी काढू नये.’ आपल्याकडे तो पावसाळ्यात फिरतो, आणि चवथ जवळ आली की जास्तच. कारण त्याच दिवसांत मुंबईत नोकरीला असलेली मुलं रात्रीच्या बसने निघालेली असतात. इकडे डिचोलीत, पेडण्यात आईवडील जागे असतात, आणि रात्री बाराला फोन सुरू होतात. बस घाटात असली की रेंज नसते, फोन लागत नाही, आणि फोटो खराच वाटायला लागतो.

हा पूल गोव्यातला नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा हा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री उशिरा कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी बस आणि काही खासगी गाड्या पुरात गेल्या, माणसं गेली. जवळच नवा पूल बांधून जून २०१७ मध्ये तो वाहतुकीला खुलाही झाला. महामार्गाच्या नावात ‘गोवा’ आहे म्हणून फोटो आपल्या ग्रुपवर येतो, एवढाच त्याचा गोव्याशी संबंध.

आता यातून एक पक्की खूणगाठ मिळते. पूल रात्री पडला आणि फोटो दिवसाच्या उजेडातला आहे. म्हणजे हा फोटो ३ ऑगस्ट २०१६ ची सकाळ व्हायच्या आधी असूच शकत नाही. त्याआधीची कुठलीही तारीख दिसली तर ती तारीख खोटी, फोटो नव्हे. याला मी खालची हद्द म्हणते. दुसरी हद्द वरची: ज्या तारखेला हा फोटो जाळ्यावर होताच असं खात्रीने दाखवता येतं ती. सगळं काम या दोन हद्दी एकमेकींजवळ आणण्याचं आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. ‘हे आज पहाटेचं नाही’ एवढंच सिद्ध करायचं असेल तर पहिली तारीख शोधायची गरजच नसते. गेल्या वर्षीचं एक पक्कं पान पुरतं. रात्री बाराला कोणी घाबरून फोन करत असेल तेव्हा तेवढंच करा आणि लिंक पाठवा. पहिला फोटो शोधायचा तो पुढच्या प्रश्नासाठी: ‘मग हा कुठला?’ त्याचं उत्तर नसलं की पुढच्या वर्षी हाच फोटो नव्या नावाने येतो.

सुरुवात फोटोपासून. ग्रुपवर येणारी प्रत क्वचितच स्वच्छ असते. कोणीतरी स्टेटसचा स्क्रीनशॉट काढलेला असतो, वरखाली काळे पट्टे, पुलावर लाल बाण, कोपऱ्यात एखाद्या चॅनेलची पट्टी. लेन्सला हे सगळं चित्राचाच भाग वाटतं. मोठ्या अक्षरात मजकूर असला की ते त्या मजकुराच्या मागे जातं आणि पूल बाजूला राहतो. म्हणून आधी फोटो कापा, किंवा लेन्समध्येच चौकटीचे कोपरे ओढून फक्त पूल आणि नदी आत ठेवा. मग दुसऱ्यांदा आणखी लहान भाग घ्या: तुटलेल्या कमानीची कड आणि तिच्यामागचा काठ. ती कड दुसऱ्या कुठल्याही पुलाची तशीच असणार नाही.

निकाल आले की `Visual matches` मध्ये रमू नका. तिथे ‘असंच काहीतरी दिसणारे’ फोटो असतात, म्हणजे देशभरातले पडलेले पूल. आमच्या एका नातलगाने तिथूनच कुडचड्याचा पूल काढून ‘हा आपल्या सांगेच्या बाजूचा’ असं ठामपणे लिहिलं होतं. कुडचड्यात १८ मे २०१७ ला पोर्तुगीजकालीन पूल पडला हे खरं, पण तो वापरासाठी बंद असलेला पूल होता आणि तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता. फोटोतली नदी दुथडी भरलेली आहे. आपल्याला लागतं ते `Exact matches`. तिथे तोच फोटो, कापलेला असो की फिकट झालेला, ज्या पानांवर आहे ती पानं येतात.

पण ही पानं तारखेच्या क्रमाने लागत नाहीत आणि लावताही येत नाहीत. वर येणारं पान बहुधा जास्त वाचलं जाणारं असतं, जुनं नव्हे. म्हणून पहिल्या दोनतीन निकालांवर थांबू नका, खालपर्यंत जा, आणि जाताना तारखांआधी फोटोंकडेच बघा. एका प्रतीत डावीकडे काठावर उभी असलेली माणसं दिसतात, बाकीच्या सगळ्यांत ती कापली गेली आहेत, असं आढळलं तर ती प्रत मूळ फोटोच्या जास्त जवळची. फोटो हातोहात जाताना कापला जातो. कापलेला भाग परत येत नाही. आकारावर मात्र फार विसंबू नका, लहान फोटो ताणून मोठा करणं सोपं असतं. कडेला जास्त काय दिसतं, तेच महत्त्वाचं. अशी रुंद प्रत सापडली की पुढचा सगळा शोध तिच्यावरच करा.

आता टिनआय. २००८ पासून चालू असलेलं हे साधन लेन्सपेक्षा कमी पानं दाखवतं, आणि भारतीय भाषांतल्या बातम्यांच्या बाबतीत तर बऱ्याचदा हात टेकतं. तरी त्यात एक गोष्ट आहे जी लेन्समध्ये नाही: निकाल `Oldest` प्रमाणे लावता येतात. इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतो. टिनआयची तारीख म्हणजे त्याच्या यंत्राला ते चित्र त्या पत्त्यावर पहिल्यांदा सापडलं तो दिवस. चित्र तिथे वर्षभर आधीपासून असेल, यंत्र तिकडे उशिरा गेलं असेल. म्हणून टिनआयची तारीख उशिराच्या बाजूला चुकते, लवकरच्या बाजूला नाही. तिथे मार्च २०१७ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की मार्च २०१७ मध्ये हा फोटो जाळ्यावर नक्की होता. ही वरची हद्द झाली, आणि ती भक्कम आहे. गूगलच्या `About this image` मध्ये दिसणारा काळही याच जातीचा: गूगलला हे किंवा असं चित्र पहिल्यांदा कधी दिसलं, तेवढंच ते सांगतं.

लवकरच्या बाजूला चुकणारी तारीख वेगळ्या ठिकाणची असते, आणि २०१४ चं ते पान तिथूनच येतं. आमच्या पुलाच्या शोधात असं एक पान निघालं: कोकणातल्या प्रवासाचं वर्णन, वर तारीख २०१४. पूल पडायच्या दोन वर्षं आधी त्याचा पडलेला फोटो! अशा वेळी पान उघडा आणि फोटो नेमका कुठे आहे ते बघा. बहुतेकदा तो लेखात नसतोच. उजव्या बाजूला ‘ताज्या बातम्या’ची पट्टी असते, तिच्यात ऑगस्ट २०१६ मध्ये हा फोटो लागलेला असतो, आणि गूगलचं यंत्र त्याच सुमारास त्या जुन्या पानावर येऊन गेलेलं असतं. पान २०१४ चं, फोटो २०१६ चा, आणि निकालात दोघांची गाठ बांधलेली. आज पान उघडलं तर पट्टीत दुसराच फोटो असतो, त्यामुळे माणूस आणखी गोंधळतो. नियम सोपा ठेवा: फोटो लेखाच्या मजकुरात दिसत नसेल आणि मजकूर त्याच्याबद्दल बोलत नसेल, तर त्या पानाची तारीख मोजू नका.

दुसरा प्रकार जरा लपलेला असतो. फोटो लेखातच आहे, मजकूरही पुलाबद्दलच आहे, पण तारीख घटनेआधीची. म्हणजे जुनाच लेख कोणीतरी नंतर दुरुस्त करून त्यात फोटो घातला. हे ओळखायला संगणकावर ते पान उघडून `Ctrl+U` दाबा. पानाचा कच्चा मजकूर दिसतो. त्यात हे दोन शब्द शोधा:

```
datePublished
dateModified
```

दोन्हींत मोठं अंतर असेल तर फोटो मधल्या कुठल्याही दिवशी घुसलेला असू शकतो. मग पानाची तारीख सोडा आणि फोटोचा स्वतःचा पत्ता बघा. फोटोवर उजवं बटण दाबून तो नव्या टॅबमध्ये उघडला की वर पत्ता दिसतो. वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइटवर तो साधारण असा असतो:

```
.../wp-content/uploads/2016/08/bridge.jpg
```

यातलं `2016/08` म्हणजे फोटो ज्या वर्षी आणि महिन्यात चढवला ते. पानावर कुठलीही तारीख छापलेली असो, हा फोल्डर बऱ्याचदा खरं बोलतो. बऱ्याचदा म्हणते, कारण इथेही एक खाच आहे. जुना लेख उघडून त्याच्या आतूनच फोटो चढवला, तर वर्डप्रेस तो फोटो त्या लेखाच्या मूळ महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणजे २०१४ च्या लेखात २०१६ मध्ये घातलेला फोटो `2014` च्या फोल्डरमध्ये बसू शकतो. खालची हद्द ठाऊक असली की ही खाच लगेच उघडी पडते. ठाऊक नसली तर फोल्डरच्या जोडीला दुसरा एखादा पुरावा हवाच.

तो दुसरा पुरावा वेबॅक मशीनमध्ये मिळतो. पानाचा पत्ता असा द्यायचा:

```
https://web.archive.org/web/*/पानाचा-पत्ता
```

दिनदर्शिका उघडते, आणि त्या पानाच्या प्रती कोणकोणत्या दिवशी साठवल्या ते दिसतं. पहिली प्रत उघडा, फोटो आहे का बघा. असला तरी तिथेच थांबू नका. वेबॅकमध्ये पानाचा मजकूर आणि पानावरची चित्रं वेगवेगळ्या वेळी साठवलेली असू शकतात. पान उघडताना त्याला त्या दिवसाचं चित्र मिळालं नाही, तर ते जवळच्या दुसऱ्या दिवसाचं चित्र आणून लावतं. म्हणून वरच्या पट्टीत `About this capture` उघडून चित्राची वेळ पानाच्या वेळेपासून किती लांब आहे ते वाचा, किंवा सरळ चित्राचाच पत्ता वरच्यासारखा शोधा. तिथल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या असतात, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. एका रात्रीच्या घटनेत हे साडेपाच तास तारीखच बदलून टाकतात. चित्राची स्वतःची साठवण सापडली, तर त्यापेक्षा चांगली वरची हद्द उघड्या जाळ्यावर मिळणं कठीण. नंतर कोणी पान बदललं, काढून टाकलं, तरी ती तशीच राहते.

इथपर्यंत आलं की चित्रशोधाचं काम बहुधा संपतं. हे अनेकांना पटत नाही, ते पुन्हा पुन्हा फोटोच चढवत राहतात. पण चित्रशोध तुम्हाला नावापर्यंत नेतो: सावित्री, महाड, ऑगस्ट २०१६. नावापासून मागे जायला शब्दच लागतात, कारण पहिल्या दिवशीच्या कितीतरी बातम्यांमधला फोटो लेन्सला कधी सापडतच नाही. गूगलमध्ये असं लिहा:

```
महाड पूल before:2016-08-06
```

मराठीत, मग इंग्रजीत `Mahad bridge`, मग `Savitri river`. मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांचे निकाल वेगळे येतात, आणि मराठीत स्थानिक छायाचित्रकाराचं नाव फोटोखाली असण्याची शक्यता जास्त. `before:` सुद्धा गूगलने मानलेल्या पानाच्या तारखेवर चालतं, तेव्हा पट्टीवाली पानं इथेही येणार. ती वर सांगितल्याप्रमाणे वगळा. बातमी सापडली की फोटोखालचं श्रेय वाचा. वृत्तसंस्थेचं नाव असेल तर त्या संस्थेच्या संग्रहात फोटो काढल्याची तारीख आणि ठिकाण ओळीत लिहिलेलं असतं, आणि अशा ठिकाणी शोध थांबवायला हरकत नाही.

एक्सवर थेट त्या दिवसांत शोधता येतं:

```
mahad bridge since:2016-08-02 until:2016-08-04 filter:images
```

`until` मधला दिवस धरला जात नाही, म्हणून ४ लिहिल्यावर ३ तारखेपर्यंतचं येतं.

एक्सबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती फार उपयोगी आहे आणि कमी लोकांना ठाऊक आहे. पुष्कळदा बातमीत एखादी पोस्ट जोडलेली असते, आणि आज ती पोस्टच काढून टाकलेली असते. फोटो गेलेला, तारीख गेलेली, उरतो फक्त पत्ता. पण त्या पत्त्याच्या शेवटी जो लांबलचक आकडा असतो, त्यातच पोस्ट केल्याची वेळ दडलेली असते. सूत्र असं:

```
(आकडा ÷ 4194304) + 1288834974657
```

येणारं उत्तर म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. ते तारखेत बदलून देणारी पानं गूगलवर `epoch converter` शोधलं की मिळतात. हेच गणित उलटं केलं तर ३ ऑगस्ट २०१६ ला आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजताना जी पोस्ट झाली असती, तिचा आकडा असा आला असता:

```
760543184286646272
```

हा कुठल्या खऱ्या पोस्टचा नाही, फक्त मोजपट्टी आहे. तिच्यावरून एवढं कळतं की ३ ऑगस्टच्या दिवसभरातल्या पोस्टचे आकडे अठरा अंकी असतात आणि ७६०५ ते ७६०९ अशा अंकांनी सुरू होतात. बातमीतल्या मेलेल्या पत्त्यात ७६०६ ने सुरू होणारा अठरा अंकी आकडा दिसला, की ती पोस्ट त्याच दिवसाची. कॅल्क्युलेटरही काढायला नको. हा आकडा पोस्ट करणाऱ्याला बदलता येत नाही. मात्र तो पोस्टचा काळ सांगतो, फोटोचा नाही, आणि कोणी जुना फोटो आज टाकला तर आकडा आजचाच येणार. म्हणजे हीही वरचीच हद्द.

आता ती तारीख, जिच्यावरून घरोघरी वाद होतात. माझ्या मामांनी एकदा फोटो फाइलच्या नावासकट दाखवला:

```
IMG-20240715-WA0007.jpg
```

“अगं, नावातच तारीख आहे की! पंधरा जुलै. जुना कसला म्हणतेस?”

“मामा, ती तुमच्या फोनची तारीख. त्या दिवशी तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला.”

“आणि आत ती कॅमेऱ्याची माहिती असते म्हणतात, ती?”

“ती व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं, मामा. ग्रुपवरच्या फोटोत ती मिळायची नाही.”

अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप फाइलला असंच नाव देतं: फोनवर साठवल्याचा दिवस, आणि त्या दिवसातला कितवा ते. सावित्रीचा फोटो उद्या आला तर त्याला उद्याची तारीख मिळेल. फोटो काढल्याची वेळ, जागा, कॅमेरा ही आतली माहिती फोटो म्हणून पाठवताना निघून जाते, म्हणून ग्रुपवरच्या प्रतीत ती शोधत बसण्यात अर्थ नाही. कोणी ‘हा मीच काढला’ म्हणत असेल तर त्याच्याकडून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. तसा पाठवला की फाइल जशीच्या तशी येते आणि आतली माहिती असली तर टिकते. तीही घड्याळ चुकीचं लावलेल्या कॅमेऱ्यात चुकते आणि मुद्दाम बदलताही येते, पण निदान बघायला काहीतरी असतं.

पुलाच्या बाबतीत दोन्ही हद्दी जवळ येतात: खाली ३ ऑगस्टची सकाळ, वर त्याच दिवसाच्या बातम्या. म्हणून तिथे बिनधास्त लिहिता येतं की फोटो ३ ऑगस्ट २०१६ चा आहे. सगळ्या फोटोंचं असं होत नाही. घटना कुठली तेच ठाऊक नसेल तर खालची हद्दच नसते, आणि तिथे शोध वेगळ्या वाटेने संपतो. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर एक फोटो जगभर फिरला: लहानग्या बहिणीला मिठीत घेऊन बसलेला छोटा मुलगा. आपल्याकडच्या ग्रुपांवरही तो भूकंपातली अनाथ भावंडं म्हणून आला. भूकंपाआधीची एक पक्की प्रत दाखवली की दावा पडतो, आणि अशा प्रती पुष्कळ होत्या. पण मागे जावं तसतसे नवे दावे निघत होते. त्याआधी तोच फोटो सीरियातल्या युद्धातला म्हणून फिरला होता, म्यानमारमधल्या अनाथांचा म्हणून फिरला होता, आणि व्हिएतनाममध्ये टाकून दिलेल्या भावंडांचा म्हणून. प्रत्येक थरावर जुनी तारीख आणि खोटी गोष्ट एकत्रच मिळत होती. म्हणजे जुनं सापडलं म्हणून त्याखालचा मजकूर खरा ठरत नाही. शेवटी उलगडा छायाचित्रकारानेच केला. ना सोन न्गुयेन यांनी तो ऑक्टोबर २००७ मध्ये उत्तर व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतातल्या एका गावात काढला होता आणि आपल्या ब्लॉगवर टाकला होता. घटनाच नव्हती; दोन मुलं घरासमोर खेळत होती. असा फोटो हातात आला तर सगळ्यांत जुन्या तारखेपेक्षा ज्या पानावर त्याच प्रसंगाचे आणखी फोटो आहेत ते पान शोधा. पुढे पाठवणाऱ्याकडे एकच फोटो असतो, काढणाऱ्याकडे मागचापुढचा असतो.

हद्दी जवळ येत नसतील तर लिहितानाही तेवढंच लिहा. ‘हा फोटो निदान मार्च २०१७ पासून जाळ्यावर आहे’ हे वाक्य कोणी खोडू शकत नाही. ‘हा फोटो मार्च २०१७ चा आहे’ हे कोणीही खोडेल, आणि त्याच्या आडून मूळ अफवा परत उभी राहील. सोबत लिंक द्या, वेबॅकची असली तर तीच द्या, म्हणजे पुढच्या चवथीला ती मेलेली नसेल.

शेवटची अडचण, काहीच न सापडण्याची. आधी फोटो आडवा उलटा करून पुन्हा शोधा. डावंउजवं फिरवलेला फोटो पुष्कळदा साधनांना ओळखता येत नाही, आणि अफवा पसरवणारे तो त्यासाठीच फिरवतात. पाट्यांवरची अक्षरं उलटी, गाडीचं सुकाणू डावीकडे, बसचं दार चुकीच्या बाजूला, यावरून ते कळतं. मग यांडेक्सवर टाकून बघा, जागा आणि इमारती ओळखण्यात ते कधीकधी लेन्सच्या पुढे जातं. तरीही हाती काही नाही आणि फोटो थोडा अस्पष्ट, हलल्यासारखा आहे, तर तो व्हिडिओतून काढलेला असण्याची शक्यता मोठी. चित्रशोधाची साधनं व्हिडिओच्या आतली प्रत्येक चौकट पाहत नाहीत, त्यांना बहुधा वरचं झाकणचित्र तेवढं दिसतं. अशा वेळी त्या जागेची आणि घटनेची नावं घालून यूट्यूबवर शोधायचं, आणि व्हिडिओ मिळाला की इनव्हिड-वीव्हेरिफायच्या प्लगइनमध्ये त्याच्या मुख्य चौकटी वेगळ्या काढून त्या एकेक करून लेन्सला द्यायच्या.

एवढं करूनही उत्तर शून्य आलं तर ‘म्हणजे नवीन आहे, खरा आहे’ असं धरू नका. बंद ग्रुपांत, खासगी खात्यांवर, टेलिग्रामच्या कोपऱ्यात जे फिरतं ते या साधनांना दिसत नाही. रस्त्याबद्दलचा फोटो असेल तर त्या रात्री महामार्ग पोलिसांना किंवा महाड, पोलादपूर, सावंतवाडी यांतल्या ओळखीच्या कोणाला तरी फोन लावा. रस्ता चालू आहे की बंद, हे तिथला माणूस खिडकीतून बघून सांगतो.